मदत हवी आहे: वडिलांचा एकच गुडघा सुजला आहे, सोबत ताप आहे, पाणी काढू द्यावे का?

सागरवेळ (राजापूर): वडिलांचे वय ६४ असून त्यांना मधुमेह आहे आणि पूर्वी पायाच्या अंगठ्यात गाऊटचा त्रास होऊन गेला आहे. कालपासून उजवा गुडघा सुजून गरम झाला आहे, तो जरासाही वाकत नाही आणि रात्री १०२ ताप होता. गावातील डॉक्टर आजच रत्नागिरीला जाऊन गुडघ्यातील पाणी काढून तपासण्यास सांगतात. सुईमुळे जंतू आत जातील, म्हणून दोन दिवस थांबावे, असे काकांचे म्हणणे आहे. काय करावे?

मीनल: मला चिकुनगुनियात असेच झाले होते. दोन्ही मनगटे, घोटे, बोटे सगळेच धरले होते, विश्रांतीने उतरले.

देवगडकर: मीनलताई, येथे सांधा एकच आहे. थांबू नका, तिथेच अँटिबायोटिकचे इंजेक्शन घ्या आणि मग निघा.

निवृत्त अस्थितज्ज्ञ, चिपळूण: थांबू नये हे देवगडकरांचे म्हणणे बरोबर आहे, क्रम मात्र उलटा आहे. सांध्यात पू झाला असेल तर कूर्चा काही दिवसांतच कायमची खराब होते, म्हणून आजच निघा. पण अँटिबायोटिक आधी दिले तर कल्चरमध्ये, म्हणजे प्रयोगशाळेत नमुन्यातील जंतू वाढवून पाहण्याच्या तपासणीत, बऱ्याचदा जंतू उगवत नाही आणि पुढचे कित्येक आठवडे अंदाजाने औषध द्यावे लागते. म्हणून आधी सांध्यातील पाणी व रक्ताचे कल्चर घ्यावे आणि लगेच औषध सुरू करावे. रक्तदाब घसरला असेल किंवा रुग्ण असंबद्ध बोलत असेल, तर मात्र औषधासाठी पाण्याची वाट पाहू नये. त्वचा नीट निर्जंतुक करून सुई घातल्यास जंतू आत जाण्याचा धोका फारच कमी असतो. पाणी तपासण्याआधी सांध्यात स्टेरॉइड घेऊ नका.

सागरवेळ: काकांची समजूत घालून आम्ही दुपारी रत्नागिरीस पोहोचलो. पाणी गढूळ पिवळे निघाले. पांढऱ्या पेशी ६८,००० असून गाऊटचे स्फटिकही दिसले. ग्राम स्टेनमध्ये, म्हणजे पाणी रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले त्यात, मात्र जंतू दिसला नाही. मग हा गाऊटच ना? तरीही डॉक्टर शिरेतून अँटिबायोटिक देत आहेत आणि उद्या दुर्बिणीने सांधा धुण्याचे म्हणतात.

निवृत्त अस्थितज्ज्ञ, चिपळूण: स्फटिक सापडले म्हणजे जंतू नाही, असे ठरत नाही, एकाच गुडघ्यात दोन्ही असू शकतात. ग्राम स्टेनमध्ये जंतू दिसला नाही, तरी कितीतरी रुग्णांच्या कल्चरमध्ये तो नंतर उगवतो. नुसत्या गाऊटमध्येही पेशी इतक्या वाढू शकतात, त्यामुळे आज कोणीही खात्रीने सांगू शकणार नाही. मधुमेह आणि ताप पाहता कल्चर येईपर्यंत जंतुसंसर्ग धरूनच चालणे मला योग्य वाटते. सांधा उद्या धुवावा की पुन्हा सुईने रिकामा करून पाहावे, याबद्दल तज्ज्ञांत मतभेद आहेत. ते तपासणाऱ्यांनीच ठरवावे. वडिलांच्या तळपायांना जखम किंवा भेग आहे का?

सागरवेळ: उजव्या टाचेला चिघळलेली भेग आहे. लावणीच्या दिवसांपासून ती तशीच होती, डॉक्टरांना सांगायची राहिली.

निवृत्त अस्थितज्ज्ञ, चिपळूण: आत्ताच सांगा आणि तिथलाही नमुना घ्यायला लावा.