सॉफ्टनर बिघडलाय की टाकीत मीठ अडलंय? (विश्रामबाग, सांगली, सोसायटी ग्रुप)

बी-१०४ वहिनी: बोअरच्या पाण्यात साबणाला फेसच येईना. स्टीलच्या नळावर पांढरे डाग परत धरलेत. सॉफ्टनर चालू आहे ना?

सेक्रेटरी: चालू आहे. सर्व्हिसवाला येऊन गेला. रेझिन संपलंय, सगळं बदला म्हणाला. कोटेशन दिलंय, बरंच मोठं आहे.

ए-३०२ काका: थांबा, लगेच हो म्हणू नका. मी साखर कारखान्यात बॉयलरच्या सॉफ्टनरवर बरीच वर्षं काढली आहेत. आधी सांगा, मिठाची गोणी शेवटची कधी लागली?

सेक्रेटरी: दोन आठवडे झाले असतील. मिठाची टाकी भरलेलीच दिसते.

ए-३०२ काका: तिथंच पाणी मुरतंय. आपल्या सॉफ्टनरमध्ये १०० लिटर रेझिन आहे. बोअरच्या पाण्याचा कडकपणा साधारण ४०० पीपीएम, म्हणजे १२,००० लिटरच्या आसपास पाणी मऊ झालं की रेझिन भरतं. आपण रोज ६,००० लिटर वापरतो, म्हणून वॉचमनदादा एक दिवसाआड रिजनरेशन करतात, म्हणजे मीठपाण्यानं रेझिन धुऊन परत ताजं करतात. एका वेळेला १५ किलो मीठ जातं, आठवड्याला ५० किलोची एक गोणी संपायलाच हवी. मीठ खाली उतरत नसेल तर रेझिनला ते मिळतच नाहीये.

बी-१०४ वहिनी: पण काका, टाकी तर भरलेली आहे!

ए-३०२ काका: वरून भरलेली दिसते, वहिनी. मी आत्ता खाली जाऊन झाकण काढलं. झाडूचा दांडा हळूच आत घातला, तर वीतभर खाली कडक थर लागला. तो फोडला आणि दांडा सरळ पोकळीत गेला. मिठाचा पूल झालाय. खालचं मीठ विरघळून गेलं, वरचं आपसात चिकटून छत बनलं. तळाच्या पाण्याला मीठ लागतच नाही. ते पाणी बोटावर घेऊन जिभेला लावलं तर जेमतेम खारट.

सी-२०१: असं का होतं?

ए-३०२ काका: गेल्या खेपेला बारीक मीठ आलं होतं. त्यात पावसाळी हवा आणि टाकी काठोकाठ भरलेली. बारीक मीठ ओल धरतं आणि दगड होतं. गोळ्यांचं किंवा स्वच्छ जाड मीठ घ्या, टाकी अर्ध्या-पाऊण भागापर्यंतच भरा. मातकट खडे मीठ नको, गाळ मीठपाणी ओढणाऱ्या इंजेक्टरमध्ये अडकतो. आणि थर फोडताना पहार वापरू नका, टाकीला तडा जाईल. थोडं गरम पाणी टाकून दांड्यानं हळूहळू ढकला.

डी-१०३ मावशी: माझ्याकडे टीडीएस मीटर आहे. सॉफ्टनरच्या आधी आणि नंतर आकडा तोच येतो. मग मशीन बेकारच ना?

ए-३०२ काका: नाही मावशी. रेझिनचे मणी कॅल्शियम आणि मॅग्नेशियम धरून ठेवतात आणि त्या बदल्यात सोडियम सोडतात. क्षार कमी होत नाहीत, बदलतात. त्यामुळे टीडीएस जवळपास तेवढाच राहतो. कडकपणा मोजायला थेंबांचं किट लागतं. त्यात कडक पाणी लालसर होतं, मऊ पाणी निळं. आणि सोडियम वाढतं म्हणून प्यायला हे पाणी नको, स्वयंपाकघरात पालिकेचीच लाईन ठेवायची.

सेक्रेटरी: मग आता काय करू?

ए-३०२ काका: रात्रभर मीठ मुरू दे. सकाळी लागोपाठ दोनदा रिजनरेशन करायचं, कारण रेझिन कडकपणानं पूर्ण भरलंय. मीठपाणी ओढताना टाकीची पातळी खाली जाते का ते उभं राहून बघायचं. जात नसेल तर इंजेक्टर तुंबलाय. मग थेंबांचं किट आणि पाण्याचं मीटर घेऊन तपासायचं.

*(चार दिवसांनंतर)*

ए-३०२ काका: रिजनरेशननंतर पाणी लगेच निळं आलं. पण मीटरवर ८,००० लिटर झाल्यावरच परत लाल. १२,००० ला व्हायला हवं होतं. म्हणजे रेझिन मेलेलं नाही, थकलंय. साधारण एक तृतीयांश ताकद गेलीय. थोडे मणी काढून पाहिले, मूळचा सोनेरी रंग जाऊन विटकरी झालाय. बोअरमधलं लोह बसलंय.

सी-२०१: लोह निघतं का?

ए-३०२ काका: बरंचसं निघतं. लोह काढणारा रेझिन क्लीनर मिळतो, डब्यावर लिहिलेल्या मापात मीठपाण्याबरोबर द्यायचा आणि भरपूर धुवायचं. मग पुन्हा लिटर मोजायचे. १०-११ हजारांवर आलं तर नवं रेझिन नको. ८,००० लाच अडलं किंवा मणी बोटात दाबल्यावर चिरडायला लागले, तर मात्र बदलावंच लागेल. क्लोरीनने मऊ पडलेला मणी धुऊन सुधारत नाही.

सेक्रेटरी: ठीक. क्लीनर आज मागवतो, कोटेशन थांबवतो. तोवर ८,००० ला रिजनरेशन करायचं?

ए-३०२ काका: ७,००० लाच करा. वॉचमनदादांना मीटरचं रीडिंग आणि मीठ किती टाकलं ते वहीत लिहायला सांगा.

बी-१०४ वहिनी: आज फेस आला, काका. 🙏