उत्तर उलटं करून भागत नाही

"एनपी मशीनचं हो-नाही उलटं केलं की को-एनपी मिळालंच की, मग दोन्ही एकच ना?"

इथेच गंमत आहे. एनपी मशीन सगळे अंदाज तपासतं आणि एकाला जरी 'हो' मिळालं तरी 'हो' म्हणतं, तर को-एनपी म्हणजे ज्या प्रश्नांचं 'नाही' एका अंदाजाने दाखवता येतं ते प्रश्न. `p ∨ q`, म्हणजे 'p किंवा q', घ्या, p आणि q खरं की खोटं याच्या चारपैकी तीन अंदाजांना 'हो' आणि एकाला 'नाही', आता उलटं केलं तर तो एकटा 'हो' म्हणतो आणि एनपीला एक 'हो' पुरतो, म्हणजे दोन्ही मशीन 'हो'च म्हणणार! टॉटॉलॉजी, म्हणजे प्रत्येक अंदाजाला खरंच ठरणारं सूत्र, ओळखणं हा को-एनपीतला प्रश्न: खोटी पाडायला सत्यता-सारणीतली एक ओळ बास, पण खरी ठरवायला n चलांच्या 2ⁿ ओळी, नाहीतर छोटी सिद्धता हवी. रेझोल्यूशन नावाच्या सिद्धता-पद्धतीत कबुतरखान्याच्या सूत्रांना, म्हणजे n खणांत n+1 कबुतरं एकेकटी मावत नाहीत असं सांगणाऱ्या सूत्रांना, घातांकी लांबीची सिद्धता लागतेच, हे हाकेनने 1985 मध्ये दाखवलं. पण ती एकच पद्धत झाली हो, प्रत्येक टॉटॉलॉजीला छोटी सिद्धता देणारी दुसरी एखादी पद्धत निघाली तर एनपी आणि को-एनपी हे दोन्ही वर्ग एकच ठरतील, आणि तशी पद्धत नाहीच हे अजून कुणाला सिद्ध करता आलेलं नाही.