कुरिअरमध्ये हार्ड डिस्क बाद, दाव्याचं पत्र कसं लिहू?

सर्जेकोटकर: मालवणहून पुण्याला भावाकडे ४ टीबीची हार्ड डिस्क पाठवली. खोक्याचा एक कोपरा आत दबलेला होता. भावाने पोच देताना तसा शेरा लिहिला आणि उघडण्याआधी फोटो काढले. डिस्क लावली की टकटक आवाज येतो, संगणकाला दिसत नाही. कंपनी म्हणते पॅकिंग कच्चं होतं.

देवगडचा_बागायतदार: पावसाळ्यात ओल लागली असणार. आमच्या आंब्याच्या पेट्या अशाच भिजून गेल्या. सिलिका जेलची पुडी टाकायची होती.

चिपळूण_हार्डवेअर: ओलीने कोपरा दबत नाही. टकटक म्हणजे बहुधा आतली हेड गेली, आणि ती आपटल्यानेही जातात. आता ती पुन्हा पुन्हा लावू नका, प्लॅटरवर ओरखडे वाढतात. उघडू तर अजिबात नका, कंपनीला आयतं कारण मिळेल.

पत्रात "नीट पॅक केलं होतं" एवढं लिहून भागणार नाही. पाठवण्याआधी चालू होती याचा काही पुरावा आहे का?

सर्जेकोटकर: आहे. CrystalDiskInfo चा स्क्रीनशॉट आहे, Good दाखवतो. त्यात सिरियल नंबरही आहे.

चिपळूण_हार्डवेअर: मग दावा भक्कम आहे. तोच नंबर बिलावर आणि डिस्कच्या लेबलवर असेल तर तिन्ही जोडा, नाहीतर "ही डिस्क दुसरीच" म्हणतील. पॅकिंग खरोखर जसं होतं तसंच लिहा. उदाहरणार्थ:

"सोबतच्या पावतीवरील पार्सलमध्ये हार्ड डिस्क (सिरियल नंबर …) होती. ती अँटिस्टॅटिक पिशवीत, बबल रॅपच्या थरांत गुंडाळून, सर्व बाजूंनी सुमारे ५ सेंमी फोम लावून पन्हळी खोक्यात ठेवली होती. खोका हलवला तरी डिस्क हलत नव्हती. पाठवण्यापूर्वी ती चालू होती (स्क्रीनशॉट जोडला आहे). पोच घेताना खोक्याचा उजवा खालचा कोपरा दबलेला होता, तसा शेरा पोचपावतीवर आहे. त्याच बाजूला डिस्कच्या धातूच्या कडेला पोचा आहे. डिस्क आता सुरू होत नाही. खोका व आतलं साहित्य तपासणीसाठी जपून ठेवलं आहे. डिस्कची बिलाप्रमाणे किंमत व कुरिअर शुल्क परत मिळावे."

कोपऱ्याची बाजू आणि पोचा तुमच्या फोटोंशी जुळवून लिहा. पोचा नसेल तर ते वाक्य काढा.

रत्नागिरी_७७: काही उपयोग नाही. पावतीमागे १०० रुपयांपर्यंतच जबाबदारी असं छापलेलं असतं. विषय संपला.

वकीलताई_कुडाळ: छापलेलं असतं हे खरं, पण विषय तिथे संपत नाही. त्या अटीवर तुमची सही आहे का, ती समजावली होती का, किंमत जाहीर केली होती का, हे पाहिलं जातं. निकाल दोन्ही बाजूंनी लागले आहेत. रस्त्याने मालवाहतुकीच्या २००७ च्या कायद्यात बुकिंगपासून १८० दिवसांत लेखी नोटीस लागते, म्हणून पत्र लगेच स्पीड पोस्टाने पाठवा. डेटा परत मिळवण्याचा खर्च वेगळा मांडा, तो मिळेलच असं नाही.

सर्जेकोटकर: पावती पाहिली. किंमत लिहिली आहे, पण सही काउंटरवरच्या माणसाचीच आहे, माझी नाही. नोटिशीत हे आताच लिहू का, की त्यांचं उत्तर येईपर्यंत थांबू?