'आई तुम्हाला बोललीच आहे': निरोपात बोलीतलं रूप कुठे चालतं, कुठे अडतं?

प्रश्न, इंदूर

धाकट्या बहिणीच्या साखरपुड्यासाठी मुलाकडची मंडळी पुण्याहून इंदूरला येणार आहेत. मुलाच्या काकूंना व्हॉट्सॲपवर निरोप पाठवायचा आहे. मसुदा असा केला आहे:

"नमस्कार काकू. आई तुम्हाला बोललीच आहे की साखरपुडा रविवारी आहे. तुम्ही शनिवारी सकाळच्या गाडीनं येताय काय? मी स्टेशनवर येऊन जाईन. बाबांनं हॉटेल बघून ठेवले आहे. काही लागले तर बोला."

इंदुरात आम्ही सगळे असंच बोलतो. पुण्याच्या माणसांना यातलं काय खटकेल? अगदी पुस्तकी लिहिलं तर परकेपणा वाटेल, अशीही भीती आहे. 'काय' आणि 'बोलणे' या दोहोंबद्दल मुख्यतः विचारायचं आहे.

वडोदरा

'येताय काय' नकोच. तो हिंदीचा 'क्या' आहे, मराठीत 'का' लागतो. 'येताय' सुद्धा बोलण्यातलं झालं. नातं नवं आहे, 'येत आहात' लिहा. आणि मसुद्यात 'गाडीनं' एकीकडे, 'ठेवले' दुसरीकडे, ही खिचडी आहे. घरगुती निरोप आहे ना? मग शेवटी 'ए' दिसेल तिथे मात्रा काढून टिंब द्या, म्हणजे सगळं एकसारखं होईल.

इंदूर, निवृत्त मुद्रितशोधक

ताई, 'काय' नंतर बघू. आधी 'आई तुम्हाला बोललीच आहे' बदला, कारण यात शुद्धलेखनाचा नाही, अर्थाचा घोटाळा आहे. पुण्याकडे 'ती मला बोलली' याचा पहिला अर्थ 'ती मला रागावली' असा होतो. 'सासूबाई सुनेला फार बोलल्या' म्हटलं की कोणी 'काय सांगितलं?' असं विचारत नाही, 'का बरं?' असं विचारतात. म्हणजे तुमच्या पहिल्याच वाक्यातून आईने काकूंना चार शब्द सुनावल्याचा भास होतो. पुढे 'की साखरपुडा रविवारी आहे' आल्यावर अर्थ लागतो, पण तोवर काकू दचकलेल्या असतात.

प्रमाण मराठीत 'बोलणे', 'म्हणणे' आणि 'सांगणे' ही तीन क्रियापदं वेगळी कामं करतात. 'बोलणे' म्हणजे तोंडाने बोलण्याची क्रिया: मराठी बोलतो, खोटं बोलतो, नवस बोलतो, आणि ज्याच्याशी संवाद होतो त्याला 'शी' लागतो, 'मी काकूंशी बोलले'. कुणाचे शब्द पुढे द्यायचे असतील तर 'म्हणणे': 'आई म्हणाली की रविवार बरा'. आणि एखादी माहिती समोरच्यापर्यंत पोचवायची असेल तर 'सांगणे'. तुमच्या वाक्यात माहिती पोचवली आहे, म्हणून 'सांगणे' हवं. शेवटच्या 'काही लागले तर बोला' इथेही 'सांगा'. ओळखायची खूण सोपी आहे: 'बोलणे'च्या पुढे 'की' आला आणि त्यामागे निरोप आला, की थांबून 'म्हणणे' किंवा 'सांगणे' बसतं का ते पाहायचं.

मुंबईत 'तो मला बोलला की येतो' हे सर्रास ऐकू येतं, तेव्हा ही लकब फक्त आपली माळव्याची नाही. पण मुंबईच्या माणसाला ते जसं सहज समजतं तसं पुण्याच्या काकूंना वाटेलच असं नाही.

ग्वाल्हेर

म्हणजे परभाषेचे शब्द काढायचे असं ठरलं का? मग 'स्टेशन' आणि 'हॉटेल'चं काय करायचं? 'स्थानक' लिहिलं तर आमच्याकडे कोणी ओळखणार नाही. माझी अडचण निराळी आहे. माझ्या भाच्यांना देवनागरी वाचता येत नाही, म्हणून मी मराठी निरोप रोमन अक्षरांत लिहितो. तिथे 'केला', 'केलं' आणि 'केळं' तिन्ही एकसारखीच दिसतात. मी तर 'केले' असंच लिहितो, निदान 'केला'पासून वेगळं कळतं.

इंदूर, निवृत्त मुद्रितशोधक

नाही, स्टेशन आणि हॉटेल तसेच राहू द्या. ते मराठीतले रोजचे शब्द आहेत, त्यांनी कुणाचा गैरसमज होत नाही. रोमनमध्ये 'केले' लिहिण्याची तुमची युक्ती बरोबर आहे. टिंब तिथे उमटतच नाही, त्यामुळे एकारान्त रूप जास्त स्पष्ट राहतं.

इंदूर, मूळ नागपूर

'काय' हिंदीतून आला, हे मला पटत नाही. नागपूरकडे 'जेवला काय?' रोजचं आहे, तिथे हिंदीचा शेजार म्हणता येईल. पण कोल्हापूरकडेही 'येतोस काय?' असंच विचारतात, तिथे हिंदी कुठली?

इंदूर, निवृत्त मुद्रितशोधक

बरोबर आहे. 'काय' हे मराठीतलंच एक रूप आहे, काही भागांत रुळलेलं. इंदुरात हिंदीच्या शेजाराने त्याला बळ मिळालं असेल, इतकंच. पण काकूंना लिहिताना दोन अडचणी येतात. एक म्हणजे पुण्यात वाक्याअखेरच्या 'काय'ला आश्चर्याची किंवा जाब विचारण्याची छटा येते, 'मला हसतोस काय?' अशी. समोर बसून बोलताना आवाजाने ती छटा पुसता येते, लिहिलेल्या वाक्यात आवाज नसतो. दुसरी म्हणजे काही वाक्यांना दोन अर्थ होतात. 'तुम्ही सकाळी घेता काय?' यात चहा घेता की नाही हा प्रश्न, की चहा, कॉफी, दूध यातलं कोणतं हा?

'का' मात्र जागेवर ठेवायचा. 'येताय का?' म्हणजे हो की नाही. 'का येताय?' म्हणजे कशासाठी, आणि पाहुण्यांना तसं विचारणं भलतंच होईल. घाईत टाइप करताना हा शब्द क्रियापदाच्या अलीकडे सरकला नाही ना, एवढं पाहा.

खरं तर तुमच्या वाक्याला 'का'ही नेमका बसत नाही. काकू येणार हे ठरलेलं आहे, तुम्हाला गाडी जाणून घ्यायची आहे. तेव्हा 'शनिवारी सकाळच्या गाडीनेच येताय ना?' किंवा सरळ 'कोणत्या गाडीने येताय?'

वडोदरा

'काय'चं मान्य. 'येऊन जाईन' मात्र कोणीच धरलं नाही. आमच्याकडे गुजरातीतल्या 'आवी जईश'मुळे हे तोंडात बसलेलं असतं, तुमच्याकडे 'आ जाऊंगी'मुळे. प्रमाण मराठीत 'येऊन जाईन' म्हणजे येईन आणि निघून जाईन! काकू स्टेशनवर उतरणार आणि तुम्ही तिथे येऊन परत गेलेल्या, असा अर्थ होतो. 'मी स्टेशनवर घ्यायला येईन' लिहा.

इंदूर, निवृत्त मुद्रितशोधक

हे फार चांगलं दाखवलंत. आता टिंबाचं. 'ए दिसेल तिथे टिंब' हा तुमचा नियम मात्र धोक्याचा आहे. त्याने 'पाहुणे आले'चं 'पाहुणे आलं' होईल आणि 'मी उद्या येते'चं 'मी उद्या येतं'. आपल्याकडे बोलतानाही असं कोणी म्हणत नाही.

जुन्या लेखनात 'केलें', 'असें' असा मात्रेवर टिंब असे. इंदूरच्या जुन्या घरांतली पत्रं काढली तर दिसेल. पुढे मराठी साहित्य महामंडळाच्या १९६२च्या नियमांनी असे न उच्चारले जाणारे टिंब काढले. त्यामुळे एरवीच्या लेखनात 'केले', 'असे' राहिलं आणि संवादात, पात्राच्या तोंडी, 'केलं', 'असं' चालतं असं ठरलं. म्हणून बदल होतो तो मुख्यतः जिथे पूर्वी ते टिंब होतं तिथेच: नपुंसकलिंगी 'काम झाले, झालं', 'फुले, फुलं', तसंच 'असे, असं' आणि एकवचनी 'ने'चं 'नं'. 'पाहुणे आले' पुल्लिंगी अनेकवचन आहे, तिथे टिंब कधी नव्हताच.

आता 'बाबांनं' का चुकलं ते कळेल. वडिलांना आपण आदरार्थी अनेकवचन लावतो, त्याचा प्रत्यय 'नी' आहे, 'ने' नव्हे. 'नी'चं 'नं' होत नाही. 'बाबांनी' असंच राहील, बोलतानाही. 'आईनं' चालेल, 'आईने' चालेल.

प्रश्न, इंदूर

सुधारून लिहिलं आहे: "नमस्कार काकू. आई तुम्हाला सांगितलीच आहे की साखरपुडा रविवारी आहे. तुम्ही शनिवारी सकाळच्या गाडीनेच येताय ना? मी स्टेशनवर घ्यायला येईन. बाबांनी हॉटेल बघून ठेवलं आहे. काही लागलं तर सांगा."

आणि होणाऱ्या भाओजींनाही निरोप आहे. ते माझ्यापेक्षा लहान आहेत, 'तू' म्हणते: "कधी येतो? काय बोलतो?"

इंदूर, निवृत्त मुद्रितशोधक

एकच दुरुस्ती. 'बोलणे'च्या जागी 'सांगणे' ठेवलं की वाक्याची बांधणीही बदलते. 'आई बोलली' इथे क्रियापद आईच्या मागे जातं. भूतकाळात 'सांगणे'च्या कर्त्याला 'ने' लागतो आणि इथे क्रियापद नपुंसकलिंगी होतं: 'आईने तुम्हाला सांगितलंच आहे'. नुसता शब्द बदलून पुढे गेलं की 'आई सांगितली' राहून जातं. ही चूक इथल्या निमंत्रणांतही दिसते.

भाओजींना 'कधी येतोस? काय म्हणतोस?' बोलताना हा 'स' पुष्कळ जण गाळतात, समोर माणूस असतो म्हणून चालतं. निरोपात आपण कर्ताही गाळतो. मग 'कधी येतो?' वाचून त्यांना वाटेल, हे मला विचारलंय की दादाबद्दल? 'स' आला की 'तू' न लिहिताही कळतं. मुलीला 'येतेस', झालेल्या गोष्टीला 'आलास', 'आलीस', आणि 'ने' लागणाऱ्या क्रियापदांना 'हॉटेल पाहिलंस का?' भविष्यकाळात मात्र 'येशील' एवढंच, तिथे 'स' जोडू नका.

वडोदरा

'येताय'बद्दल मी अजून ठाम आहे. पहिलाच निरोप आहे, मुलाकडच्या वडीलधाऱ्या बाईंना. 'येणार आहात ना?' लिहिलं तर बिघडतं काय?

इंदूर, मूळ नागपूर

बिघडत नाही. पण खाली 'ठेवलं', 'लागलं' आणि वर 'येणार आहात' असं ठेवलं तरी चालेल का, की वरचं औपचारिक केलं तर खालचंही 'ठेवले', 'लागले' करायला हवं?

इंदूर, निवृत्त मुद्रितशोधक

'येणार आहात' बोलण्यातही येतं, त्यामुळे 'ठेवलं'शी त्याचं भांडण नाही. जुळवायचं ते 'केले' आणि 'केलं' या जोडीचं. एका निरोपात एकच बाजू धरावी. मी स्वतः 'येताय' ठेवीन, नात्यात 'तुम्ही' आहेच, आदर तिथे आला. वडोदऱ्याच्या काकांना ते सलगीचं वाटतं, तसं आणखीही कुणाला वाटू शकेल. काकूंच्या घरी मुलाची आई कशी लिहिते, तिचा एखादा निरोप आला असेल तर तो पाहून ठरवा.