मदत हवी आहे: सोड्याच्या बाटलीत वायू हिशेबापेक्षा कमी का भरतो?

रविवारचाप्रयोग
घरी सोडा करायला कार्बन डायऑक्साइडचा छोटा सिलिंडर, रेग्युलेटर आणि बाटलीला लागणारं झडपेचं झाकण घेतलं आहे. हेन्रीचा नियम स्वतः मोजून बघावा म्हणून बसलो आणि अडकलो.

बाटली काठोकाठ भरली तर १०५० मिली पाणी मावतं. मी ८५० मिली भरलं, म्हणजे वर २०० मिली जागा मोकळी राहिली. पाणी २५ अंशांवर. रेग्युलेटरचा काटा २ बारवर ठेवला आणि नळी जोडून बाटली खूप हलवली. वायू आत जाण्याचा आवाज पूर्ण थांबल्यावर आणखी पाच मिनिटं हलवत राहिलो.

काटा बाहेरच्या हवेच्या वरचा दाब दाखवतो हे मला माहीत आहे, म्हणून खरा दाब ३ धरला (बार आणि अॅटमॉस्फिअर इथे सारखेच मानले आहेत). २५ अंशांना दर अॅटमॉस्फिअरला लिटरमागे ०.०३४ मोल विरघळतो.

३ × ०.०३४ = ०.१०२ मोल
०.१०२ × ४४ = ४.४९ ग्रॅम प्रति लिटर
८५० मिलीत ३.८ ग्रॅम

वजन वाढलं ३.२ ग्रॅम. काटा ०.१ ग्रॅमपर्यंत दाखवतो. तीनदा केलं, तिन्ही वेळा ३.१ ते ३.३ च्या मधेच आलं. गळती नाही, बाटली पाण्यात बुडवून पाहिली. अर्धा ग्रॅम जातो कुठे?

गेजवाला
सोपं आहे. हेन्रीच्या नियमात काट्यावरचाच दाब घालायचा. बाहेरच्या हवेचा दाब आतबाहेर सारखाच असतो, त्यामुळे तो कटतो. २ घालून बघा: २.५ ग्रॅम विरघळलेला. वर मोकळ्या जागेत २०० मिली वायू २ बारने म्हणजे ०.७ ग्रॅम. बेरीज ३.२. तुमचा आकडा तंतोतंत!

रविवारचाप्रयोग
मोकळ्या जागेतला वायू मी धरलाच नव्हता, ही चूक मान्य. पण मग माझ्या पद्धतीने अंदाज आणखी वर जातो आणि तूट वाढते. तुमच्या पद्धतीने जुळतं खरं. तरी पटत नाही. काटा शून्यावर असताना काहीच विरघळणार नाही का?

थेंबमोजणी
तुमची शंका योग्य आहे. गेजवाल्यांचं उत्तर जुळलं, कारण मात्र ते नाही. उघड्या भांड्यातल्या पाण्यावर नुसता कार्बन डायऑक्साइड सोडत राहिलात तर काटा शून्यावरच असेल, तरी लिटरमागे दीड ग्रॅम विरघळेल. हवेचा दाब "कटत" नाही. पाण्याला बाहेरच्या दाबाशी देणंघेणं नसतं. त्याच्या पृष्ठभागावर त्या एका वायूचा स्वतःचा दाब किती, एवढंच मोजायचं.

आता तुमची बाटली बघा. झाकण लावलंत तेव्हा वरच्या २०० मिलीत काय होतं? हवा, १ बारने. ती कुठेच गेली नाही. रेग्युलेटरने एकूण दाब ३ वर नेला, त्यातला १ हवेचा आणि २ कार्बन डायऑक्साइडचा. हलवलं की वायू विरघळतो आणि नळीतून नवा येतो, पण हवा तिथेच अडकलेली असते. म्हणून २ हा आकडा बरोबर. तो काट्यावरच्या आकड्याशी जुळला, कारण तुम्ही बाटली हवेसकट बंद केलीत.

कोण बरोबर ते ठरवता येतं. पाणी भरल्यावर बाटली दोन्ही हातांनी दाबून पाणी तोंडापर्यंत आणा, तशीच दाबून झाकण लावा आणि मग वायू सोडा. बाटली परत फुगेल. गेजवाल्यांचं खरं असेल तर वजनात फारसा फरक पडणार नाही. माझं खरं असेल तर पाण्यात ३.८, वरच्या जागेत १.१, आणि बाहेर काढलेल्या हवेचा सुमारे पाव ग्रॅम वजा, म्हणजे ४.६ च्या आसपास. रिकाम्या बाटलीचं आणि पाण्याचं वजन मात्र दाबण्याआधी घ्या.

माशांचीआई
माझ्या टाकीत पंपाचा दाब वाढवला तर ऑक्सिजन वाढेल का? मासे वर येऊन तोंड उघडतायत.

थेंबमोजणी
नाही वाढणार. टाकी वरून उघडी आहे, त्यामुळे ऑक्सिजनचा दाब हवेतला तोच, सुमारे ०.२१ अॅटमॉस्फिअर. २५ अंशांना त्यातून लिटरमागे ८ मिलिग्रॅमच्या थोडं वर मिळतं, आणि ती कमाल मर्यादा आहे. मासे वर येतात म्हणजे पाणी बहुधा त्या मर्यादेच्या बरंच खाली गेलं आहे. त्याला दाब नको, पृष्ठभाग हलता हवा. पाणी गार राहिलं तर मर्यादाही वाढते. आज थोडं पाणी बदला.

धावपटू४२
मग दाबाखाली ऑक्सिजन भरलेलं पाणी प्यायल्यावर दम टिकतो म्हणतात, त्यात तथ्य असेल ना? दाब वाढला की ऑक्सिजन वाढतो हे तर तुम्हीच सांगताय.

थेंबमोजणी
वाढतो, पण किती ते काढू या. शुद्ध ऑक्सिजन ३ अॅटमॉस्फिअरने भरला तर ३ × ०.००१३ × ३२ म्हणजे लिटरमागे सुमारे १२५ मिलिग्रॅम. साध्या पाण्याच्या पंधरापट. पण वायूच्या आकारमानात ते १०० मिलीपेक्षाही कमी आहे. शांत बसून एक श्वास घेतला तरी अर्धा लिटर हवा आत जाते आणि तिच्यात तेवढाच ऑक्सिजन असतो. अख्खं लिटर पिऊन एका श्वासाइतकं, तेही झाकण उघडताच निसटायला लागणारं. ऑक्सिजन कार्बन डायऑक्साइडपेक्षा पंचवीसपट कमी विरघळतो, हे इथे आडवं येतं.

रविवारचाप्रयोग
दाबून केलं. दोन वेळा, ४.५ आणि ४.४. म्हणजे अडकलेली हवाच होती! चवीतही फरक कळतो, सोडा जिभेला चांगला झोंबतो.

उरलेला ०.१-०.२ मात्र अजून खटकतो.

गेजवाला
मान्य, माझं चुकलं. उरलेलं म्हणजे बाटली दाबूनही थोडी हवा राहिली असणार.

थेंबमोजणी
असू शकतं. हलवताना हाताच्या उबेने पाणी एखादा अंश तापलं असेल, तेही असू शकतं. ०.१ च्या काट्यावर हे वेगळं करता येणार नाही. झाकण लावून वायू भरा, झडप उघडून सोडून द्या आणि पुन्हा भरा, असं दोनतीनदा करून बघा. आकडा ४.६ ला गेला तर गेजवाल्यांचं बरोबर.

एक सावधगिरी. पुढे तुम्ही गार पाणी वापरालच, ५ अंशांना ते जवळजवळ दुप्पट वायू घेतं. पण गार असताना काटा २ वर ठेवून भरलेली बाटली २५ अंशांपर्यंत तापली की आतला खरा दाब ३ वरून ५ च्या वर जातो, उन्हात ४० अंशांना तर ७ च्या जवळ. शीतपेयांसाठी बनवलेली प्लास्टिकचीच बाटली वापरा, काचेची अजिबात नको.

रविवारचाप्रयोग
काच बाजूला ठेवली. शनिवारी वायू सोडून-भरून करतो, आकडे इथेच टाकतो.

माशांचीआई
पाणी बदललं, पंपाचं तोंड पृष्ठभागाजवळ आणलं. दोन खाली गेलेत, एक अजून वरच आहे.