मदत हवी आहे: 1011 डिटेक्टर, नॉन-ओव्हरलॅपिंग केल्यावर मधेच मॅच का चुकतोय?

सबमिशन_बाकी

मंडळी नमस्कार, सेकंड इयर ईअँडटीसी, परवा डिजिटलचं सबमिशन आणि ओरल एकाच दिवशी आहे, म्हणून जरा घाईत लिहितोय. प्रॅक्टिकलला 1011 चा सिक्वेन्स डिटेक्टर आहे, मीली मशीन, ओव्हरलॅपिंग आणि नॉन-ओव्हरलॅपिंग दोन्ही काढायचेत. ओव्हरलॅपिंग जमला. S0 म्हणजे अजून काहीच हाती नाही, S1 म्हणजे 1 आलाय, S2 म्हणजे 10, S3 म्हणजे 101. S3 वर असताना 1 आला की आउटपुट 1 आणि उडी S1 वर, कारण तो शेवटचा 1 पुढच्या सिक्वेन्सचा पहिला 1 होऊ शकतो. इथपर्यंत सर पण हो म्हणाले.

नॉन-ओव्हरलॅपिंगला मी काय केलं, S3 चे दोन्ही बाण S0 ला नेले. म्हणजे 1 आला तरी S0, 0 आला तरी S0. माझ्या डोक्यात असं की नॉन-ओव्हरलॅपिंग म्हणजे जुनं काही धरून ठेवायचंच नाही. सरांनी S3 च्या 0 वाल्या बाणावर लाल पेनने गोल केला आणि "इनपुट 101011 देऊन बघ" म्हणून पुढच्या टेबलाकडे गेले. दिला, तर आउटपुट सगळा शून्य. पण त्यात 1011 सरळ दिसतोय की शेवटी! आणि त्याच्या आधी एकही मॅच नाही, म्हणजे ओव्हरलॅपचा प्रश्नच कुठे येतो? मग माझा का चुकतोय?

निवांत_नाना

अरे सोपं आहे, उगाच डोकं लावू नकोस. ओव्हरलॅपिंग म्हणजे आठवण ठेवायची, नॉन-ओव्हरलॅपिंग म्हणजे मॅच झाला की पाटी पुसून S0. तुझा S3 वरून 1 ला S0 बरोबरच आहे. 0 चं म्हणशील तर सिक्वेन्स मोडला ना तिथे, मग S0 ला गेला तर बिघडलं काय? सरांनी बहुतेक बाणावर आउटपुट लिहायचा राहिला म्हणून गोल केला असेल. आणि नॉन-ओव्हरलॅपिंगला सर्किट पण लहान होतं, लक्षात काही ठेवायचंच नसतं त्यामुळे.

फ्लिपफ्लॉप_काकू

नाना, पहिलं वाक्य बरोबर, पुढची दोन्ही चूक. एकेक घेते.

बाळा, तुझा घोळ असा झालाय की मॅच होणं आणि सिक्वेन्स मोडणं या दोन गोष्टी तू एकाच पिशवीत कोंबल्यास. नॉन-ओव्हरलॅपिंगची अट फक्त एवढीच आहे की एका पूर्ण झालेल्या मॅचमधे वापरलेला बिट दुसऱ्या मॅचमधे वापरायचा नाही. सिक्वेन्स मधेच मोडला तर मॅच झालाच नाही, म्हणजे तेव्हाचे बिट अजून कुणी वापरलेले नाहीत, ते टाकून द्यायचं काही कारण नाही.

आता 101011 हाताने चालव. 1 ला S1, 0 ला S2, 1 ला S3. आता हातात 101 आहे आणि आला 0. झाले 1010. पूर्ण सिक्वेन्स गेला हे खरं, पण शेवटचे दोन बिट बघ, 10. ही तर 1011 ची सुरुवात आहे! म्हणून S2 ला जायचं. पुढे 1 ला S3, 1 ला मॅच, सहाव्या बिटवर आउटपुट 1. तू मात्र त्या 0 ला S0 ला गेलास, हातातले 10 फेकलेस, मग पुढच्या 1 ला S1, त्याच्या पुढच्या 1 ला पुन्हा S1. संपला इनपुट. सरांनी बरोबर तोच इनपुट दिला जो हे पकडतो.

म्हणजे दोन डायग्राममधे फरक एकाच बाणाचा. कोडमधे लिहायचं तर S3 ची एवढीच ओळ बदलते, बाकी S0, S1, S2 ला हातसुद्धा लावायचा नाही:

```
S3: next = x ? S1 : S2;  // ओव्हरलॅपिंग
S3: next = x ? S0 : S2;  // नॉन-ओव्हरलॅपिंग
```

आणि नाना, सर्किट लहान होतं म्हणताय ते या सिक्वेन्सला तरी उलट आहे. S0 ते S3 ला 00, 01, 10, 11 असे कोड देऊन के-मॅप सोडवून बघा. डी फ्लिपफ्लॉप घेतले तर ओव्हरलॅपिंगला खालच्या बिटचं समीकरण नुसतं D0 = x येतं, म्हणजे वायर सरळ जोडायची, गेटच नाही. नॉन-ओव्हरलॅपिंगला तिथे D0 = x·(Q1·Q0)' येतं. D1 दोन्हीकडे सारखंच, आउटपुट Q1·Q0·x पण दोन्हीकडे तेच. म्हणजे विसरायला गेट जास्त लागलं, लक्षात ठेवायला नाही. कोडिंग बदललं तर समीकरणं बदलतील, पण स्टेट दोन्हीकडे चारच.

निवांत_नाना

बरं बाई, D0 = x बघून मीच गार पडलो. कॉलेज सोडून वीस वर्षं झाली, के-मॅप आता गुगलवालाच राहिलाय.

रात्रपाळी

आम्ही कामावर हे स्टेट मशीनने करतच नाही. चार बिटचं शिफ्ट रजिस्टर, एक कंपेअर, काम खलास. `q == 4'b1011` लिहिलं की ओव्हरलॅपिंग फुकटात मिळतं. नॉन-ओव्हरलॅपिंग हवं तर मॅच झाल्यावर रजिस्टर शून्य करा. त्यात एकदा असा फसलो होतो की काय सांगू. पॅटर्न होता 0110. रजिस्टर शून्य केलं म्हणजे 0000, त्यावर खरे बिट आले फक्त तीन, 1, 1, 0, आणि रजिस्टरमधे तयार झालं 0110! पहिला 0 इनपुटवर आलाच नव्हता, तो मी क्लिअर केल्याचा होता. खोटा मॅच. दोन रात्री वेव्हफॉर्म बघत बसलो. शेवटी एक छोटा काउंटर ठेवला, क्लिअर केल्यापासून चार खरे बिट आले तरच मॅच मोजायचा. रीसेटनंतर पण हीच बोंब असते, तेव्हा ओव्हरलॅपिंगवाल्यांनी हसू नये.

फ्लिपफ्लॉप_काकू

@रात्रपाळी त्याला स्टेट डायग्राम काढायचंय हो, पण किस्सा कामाचा आहे. याच्या 1011 ला ते विघ्न येत नाही कारण पॅटर्न 1 ने सुरू होतो, क्लिअरचा शून्य पहिल्या जागी चालतच नाही.

सबमिशन_बाकी

काकू खूप आभार, 101011 ला सहाव्या बिटवर पल्स आला!! 1011011 पण दिला, ओव्हरलॅपिंगला चौथ्या आणि सातव्या बिटवर, नॉनला फक्त चौथ्यावर.

आता पुढचं, सरांनी जाता जाता मूरमधे पण काढायला सांगितलंय. पाचवा स्टेट S4 घेतला, त्याचा आउटपुट 1. ओव्हरलॅपिंगला S4 वरून 0 ला S2, 1 ला S1. नॉन-ओव्हरलॅपिंगला S4 वरून 0 ला S0, 1 ला पण S0, मॅच झालाय म्हणून पाटी पुसली. या वेळी तरी बरोबर ना? की इथेही एकच बाण बदलायचा?

फ्लिपफ्लॉप_काकू

एकच बाण, आणि तू बदललेस दोन. मूरमधे ही चूक दर वर्षी निम्मा वर्ग करतो, आमच्या वेळी मीही केली होती.

मीलीत मॅचचा शेवटचा 1 ज्या क्लॉकला वाचला त्याच क्लॉकला तू S0 ला पोचतोस. पुढचा बिट S0 वाचतो. मूरमधे त्याच क्लॉकला तू S4 ला पोचतोस, आणि पुढचा नवा कोरा बिट S4 वर असतानाच येतो. तो बिट जुन्या मॅचचा नाही. तू तो 1 असला तरी S0 ला ढकललास म्हणजे तो गिळलास. पाटी पुसायची ती मॅचच्या चार बिटांची, पाचव्याची नाही.

10111011 देऊन बघ. यात दोन 1011 एकामागे एक चिकटून आहेत, एकही बिट सामाईक नाही, तेव्हा नॉन-ओव्हरलॅपिंगने पण दोन्ही पकडायलाच हवेत. तुझ्या डायग्राममधे पाचवा 1 गिळला जातो, मग 0 ला S0, 1 ला S1, 1 ला S1, दुसरा मॅच गायब. नॉन-ओव्हरलॅपिंगमधे S4 ने नव्या बिटला S0 सारखं वागायचं, म्हणजे 0 ला S0, 1 ला S1. ओव्हरलॅपिंगमधे S4 ने S1 सारखं वागायचं, म्हणजे 0 ला S2, 1 ला S1. शेजारी शेजारी ठेव, 1 चा बाण दोन्हीकडे S1 च आहे, फरक फक्त 0 वाल्या बाणात.

कोपऱ्यातला_बाक

माझाही तोच विषय आहे पण सिक्वेन्स 1100 मिळालाय. दोन्ही डायग्राम काढले तर डिट्टो सारखे येतायत, मॅडम म्हणतायत कॉपी केलंस. मी खरंच दोनदा काढलं हो!

फ्लिपफ्लॉप_काकू

कॉपी नाही, बरोबरच आहे तुझं. 1100 शेवटी ज्या बिटांनी संपतो त्यातला कुठलाच तुकडा त्याच्या सुरुवातीशी जुळत नाही. 0 नाही, 00 नाही, 100 नाही. त्यामुळे मॅच झाल्यावर वाचवण्यासारखं काही उरतच नाही, ओव्हरलॅपिंगलाही S0 लाच जावं लागतं. मॅडमना हे तीन तुकडे लिहून दाखव. 1011 ला शेवटचा 1 जुळतो म्हणून S1 मिळतो. 1010 असता तर शेवटचे 10 जुळले असते आणि उडी S2 वर असती.

निवांत_नाना

एक शंका, काकू. आमच्या वेळी एका पेपरात "नॉन-ओव्हरलॅपिंग" म्हणून इनपुटचे चार-चार बिटांचे गठ्ठे पाडून प्रत्येक गठ्ठा 1011 आहे का ते विचारलं होतं. 01011011 घ्या. ओव्हरलॅपिंगला पाचव्या आणि आठव्या बिटवर, तुमच्या नॉन-ओव्हरलॅपिंगला फक्त पाचव्यावर. गठ्ठे पाडले तर 0101 आणि 1011, म्हणजे फक्त आठव्यावर! तिन्ही उत्तरं वेगळी. मग परीक्षेत काय समजायचं?

फ्लिपफ्लॉप_काकू

हा मुद्दा मात्र खरा आहे नाना. गठ्ठेवाल्याला मोडल्यावरही गठ्ठा संपेपर्यंत बिट मोजत बसावं लागतं, म्हणजे S0 ते S3 च्या बरोबरीने "हा गठ्ठा बाद, अजून इतके बिट बाकी" असे जादा स्टेट येतात, डायग्राम वेगळाच होतो. नुसतं नॉन-ओव्हरलॅपिंग म्हटलं तर मी वर सांगितलेलं धरते, गठ्ठे हवे असतील तर प्रश्नात "दर चार बिटांनी" असं काहीतरी असायला हवं. पण पेपर काढणारा काय धरून बसलाय ते मी कसं सांगू.

सबमिशन_बाकी

आमच्या मॅन्युअलमधे नुसतं "नॉन-ओव्हरलॅपिंग 1011" एवढंच छापलंय, दर चार बिटांनी वगैरे काही नाही. उद्या सरांना 01011011 दाखवून विचारतो कुठलं हवंय ते. मूरचा 1 वाला बाण S1 ला नेला, 10111011 ला दोन्ही पल्स आले, आता पान परत पहिल्यापासून काढतोय कारण लाल गोल खोडरबरने जात नाहीये.