मदत हवी आहे: व्हिडिओ ७५% पाहिलेल्यांना दाखवलेल्या जाहिरातीची विक्री खरी मानायची का?

रेघोट्या:
मी ऑनलाइन चित्रकला वर्ग चालवते. मेटावर ४८ सेकंदांचा व्हिडिओ जाहिरात म्हणून लावला आणि गेल्या ३० दिवसांत तो ७५% पाहिलेल्यांचा कस्टम ऑडियन्स बनवला. सुमारे ६,२०० लोक जमले. त्यांना १४ दिवस थेट 'प्रवेश घ्या'ची जाहिरात दाखवली. अ‍ॅड्स मॅनेजर ३८ विक्री दाखवतोय. पण माझ्या वहीत या १४ दिवसांत एकूण ६६ प्रवेश आहेत आणि आधीच्या १४ दिवसांत ६१ होते. म्हणजे वाढ फक्त ५ ची. मग ३८ कुठून आले? पुढच्या महिन्यात याचं बजेट दुप्पट करायचं मनात आहे, म्हणून आधी विचारतेय.

गवताळ:
७५% ऐवजी ९५% घ्या. शेवटपर्यंत बघतो तोच खरा गिऱ्हाईक. माझ्याकडे ९५% वाल्यांचा रिझल्ट नेहमी सरस येतो.

आकडेमोड:
गवताळ म्हणतात त्यात तथ्य आहे, ९५% वाल्यांत इच्छुक जास्त सापडतात. पण इथे प्रश्न वेगळा आहे. जे आधीच घ्यायला निघाले होते तेच शेवटपर्यंत बघत असतील, तर गट जितका गाळाल तितका रिपोर्ट चांगला दिसेल. त्यात जाहिरातीचं काम काहीच नसेल, असंही होऊ शकतं.

रेघोट्या, आधी ते ३८ फोडून बघा. कॉलम्समध्ये `Compare attribution settings` आहे, तिथे `7-day click` आणि `1-day view` वेगवेगळे घ्या. आणि जुने विद्यार्थी ऑडियन्समधून वगळले होते का?

रेघोट्या:
क्लिकवरून ९, नुसतं दिसल्यावरून २९! जुने विद्यार्थी वगळायचं सुचलंच नाही. आता वही चाळली, तर ६६ पैकी २४ जण पुढच्या पातळीला आलेले जुनेच आहेत.

पाऊलखुणा:
माझा व्हिडिओ १२ सेकंदांचा आहे, लोक ३ सेकंदांतच पळतात. सुरुवात कशी करावी?

आकडेमोड:
पाऊलखुणा, त्यासाठी वेगळा धागा काढा, तिथे नक्की लिहीन. एवढं मात्र इथेच सांगतो: १२ सेकंदांचे ७५% म्हणजे ९ सेकंद. स्क्रोल करता करता बोट थांबलं तरी तेवढं होऊन जातं, त्यामुळे तो ऑडियन्स ४८ सेकंदांच्या व्हिडिओइतका भरवशाचा नसतो.

रेघोट्या, त्या २९ जणांना जाहिरात फक्त दिसली आणि दिवसभरात त्यांनी प्रवेश घेतला. जुना विद्यार्थी तुमचा व्हिडिओ आवडीने पूर्ण बघतो, जाहिरात त्याच्या समोरून जाते, संध्याकाळी तो ठरल्याप्रमाणे पैसे भरतो आणि श्रेय जाहिरातीला मिळतं. म्हणून खरेदी केलेल्यांची यादी वगळून पुन्हा चालवा. क्लिकचे ९ सुद्धा सगळे नवेच असतील असं नाही.

खरं उत्तर हवं तर त्याच ऑडियन्समधल्या काही जणांना जाहिरात न दाखवता तुलना करावी लागते. तुमच्या अकाउंटवर एक्सपेरिमेंट्समध्ये कन्व्हर्जन लिफ्ट दिसत असेल तर तेच वापरा. नसेल तर ए/बी टेस्ट लावा. ती लोकांची विभागणी स्वतः करते. एका गटाला प्रवेशाची जाहिरात दाखवा, दुसऱ्याला वर्गाचा उल्लेख नसलेलं साधं चित्र. दोन्हीकडे उद्दिष्ट रीच ठेवा. विक्रीचं ठेवलंत तर मशीन प्रत्येक जाहिरातीसाठी आपापली माणसं निवडेल आणि गट सारखे राहणार नाहीत. मग `1-day view` दोन्हीकडे सारख्याच नियमाने मोजलं जाईल. चित्राच्या गटातली विक्री म्हणजे तशीही झाली असती ती.

गवताळ:
नुसत्या चित्रावर पैसे घालवायचे? मी १४ दिवस जाहिरात चालू, १४ दिवस बंद असं करतो.

आकडेमोड:
खर्च होतो, मान्य. पण चालू-बंद केलंत तर त्या दिवसांतला सण, सुट्टी, नवी बॅच हे सगळं आकड्यात मिसळतं. रेघोट्यांचा ६१ ते ६६ हा फरकही त्यामुळेच असू शकतो.

आकडे लहान आहेत हेही लक्षात घ्या. चित्राच्या गटात १९ प्रवेश आले, तर जाहिरातीच्या गटात साधारण ३१ येईपर्यंत फरक निव्वळ योगायोगाचा असू शकतो. २४ आले म्हणून बजेट वाढवू नका. टेस्ट महिनाभर चालू ठेवा, व्हिडिओ चालू असेल तर ऑडियन्स भरत राहील.

रेघोट्या:
जुने विद्यार्थी आज वगळले, ऑडियन्स ५,७०० वर आला. सोमवारपासून टेस्ट लावते. एक शंका उरली: व्हिडिओ मी थ्रूप्लेसाठी ऑप्टिमाइझ केला होता. मग हे लोक माझ्या विषयाचे, की नुसते व्हिडिओ बघणारे?

आकडेमोड:
ती शंका रास्त आहे. थ्रूप्लेवर मशीन १५ सेकंद किंवा पूर्ण व्हिडिओ बघणारी माणसं शोधतं, विकत घेणारी नाही. तुमच्या बाबतीत त्याचा वाटा किती, हे या टेस्टमधून कळणार नाही. त्यासाठी तोच व्हिडिओ विक्रीच्या उद्दिष्टावर चालवून त्यातून वेगळा ऑडियन्स बनवावा लागेल. कुणी हे करून बघितलं असेल तर लिहा, मी स्वतः अजून केलेलं नाही.